चल रे भोपळ्या, पण इंग्रजीत: लोककथेचं भाषांतर तपासायचं कसं

लोककथेचं मराठीतून इंग्रजीत केलेलं भाषांतर तपासायला आलं की बहुतेक जण डावीकडे मराठी ठेवतात, उजवीकडे इंग्रजी, आणि ओळीमागून ओळ ताडून बघत जातात. करारनामा किंवा औषधाची माहिती असेल तर हे बरोबरच आहे, तिथे एक शब्द सुटला तरी पंचाईत. पण गोष्ट असेल तर या पद्धतीत दोन प्रकारचे दोष हमखास निसटतात. पहिला दोष म्हणजे अवघडलेलं इंग्रजी. ते आपल्याला अवघडलेलं वाटतच नाही, कारण शेजारी मराठी वाक्य दिसत असतं आणि त्याचा ठेका आपण नकळत इंग्रजीला लावून वाचतो, म्हणजे डोळा इंग्रजीवर असतो पण कानात मराठीच वाजत असतं. दुसरा दोष याच्या अगदी उलटा. इंग्रजी वाक्य इतकं छान उतरलेलं असतं की शंकाच येत नाही, आणि मूळचा वाक्प्रचार त्यात शब्दशः उतरून अर्थाला मुकलेला असतो.

म्हणून मी दोन वेगळी वाचनं करते आणि ती एकात एक मिसळत नाही. पहिलं वाचन फक्त इंग्रजीचं, मोठ्यानं, मराठी बंद करून. दुसरं वाचन मराठीकडून इंग्रजीकडे, म्हणजे आधी मूळ गोष्टीतले सगळे वाक्प्रचार, म्हणी, जोडशब्द, हाका एका कागदावर उतरवायच्या आणि मग एकेकीचं इंग्रजीत काय झालंय ते शोधायचं. क्रम हाच ठेवायचा. एकदा मराठी वाचलं की पहिलं वाचन परत तेवढ्या कोऱ्या कानानं करता येत नाही.

उदाहरण म्हणून भोपळ्यातल्या म्हातारीचीच गोष्ट घेते. माझ्या मामेबहिणीनं (मी तिला ताईच म्हणते) तिच्या न्यू जर्सीत वाढणाऱ्या नातीसाठी ती इंग्रजीत केली आणि माझ्याकडे बघायला पाठवली, तिच्या परवानगीनंच इथे वापरतेय. तिनं लिहून काढलेलं मराठी साधारण असं होतं:

"एक होती म्हातारी. तिची लेक दिली होती लांबच्या गावाला. एक दिवस म्हातारीच्या मनात आलं, लेकीला भेटून यावं. काठी टेकत टेकत निघाली. वाटेत लागलं जंगल, जंगलात भेटला वाघ. वाघाच्या तोंडाला पाणी सुटलं. म्हणाला, 'म्हातारे म्हातारे, मी तुला खातो.' म्हातारीची बोबडीच वळली. पण म्हातारी बारा गावचं पाणी प्यालेली. म्हणाली, 'अरे बाबा, आत्ता माझी नुसती हाडं नि कातडं. लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा.' वाघाला पटलं. पुढे कोल्हा भेटला, त्यालाही तिनं हेच सांगितलं. लेकीकडे चार दिवस राहिली, तूपरोटी खाल्ली, चांगली जाडजूड झाली. परत निघायची वेळ आली तसा तिच्या पोटात गोळा आला. लेकीनं मोठा भोपळा आणून, तो पोखरून, म्हातारीला आत बसवून, भोपळा वाटेला लावला. वाघ वाटच बघत होता. 'भोपळ्या भोपळ्या, म्हातारी पाहिलीस का?' आतून आवाज आला, 'म्हातारी कोतारी मी नाही पाहिली, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक.' कोल्ह्यालाही तसंच फसवलं. म्हातारी सुखरूप घरी पोचली आणि वाघ बसला हात चोळत."

आता पहिलं वाचन. मराठी मिटवून ठेवलं आणि ताईचं इंग्रजी मोठ्यानं वाचायला लागले. पहिलंच वाक्य, "देअर वॉज वन ओल्ड वुमन." व्याकरणाला काही धक्का नाही, पण इंग्रजी बोलणारी आजी गोष्ट अशी सुरू करणार नाही. हा 'वन' म्हणजे आपला 'एक' जसाच्या तसा. इंग्रजीत 'वन' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं मोजणी चाललीय, एक म्हातारी होती, मग दुसरी कुठे गेली? इथे 'अॅन ओल्ड वुमन' आणि आधी 'वन्स' एवढं पुरे. भाषांतर मराठीवरून घसरत आलंय हे ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण, 'वन' दिसला की थांबायचं आणि तो खरंच आकडा आहे का ते बघायचं.

पुढचं, "हर डॉटर वॉज गिव्हन इन अ डिस्टंट व्हिलेज." आपल्याकडे लेक 'देतात', सून 'करून आणतात', आणि ते क्रियापद एकटं आलं तरी लग्न त्यात धरलेलंच असतं. इंग्रजीत नुसतं 'गिव्हन' म्हटलं तर पोरीला कुणाच्या हवाली केलं असं वाटतं, दत्तक दिलं की काय. शिवाय 'डिस्टंट' हा शब्द कागदावरचा आहे, तोंडातला नाही. "हर डॉटर हॅड मॅरीड इन्टु अ व्हिलेज फार अवे" म्हटलं की दोन्ही गोष्टी सुटतात, सासर लांब आहे हेही कळतं आणि सांगणाऱ्याचा सूरही राहतो.

मग भोपळ्याचं वाक्य आलं आणि वाचताना दमच लागला. "हॅविंग ब्रॉट अ बिग पंपकिन, हॅविंग हॉलोड इट, हॅविंग सीटेड द ओल्ड वुमन इनसाइड, द डॉटर सेट इट ऑन द रोड." हे मराठीतल्या 'आणून, पोखरून, बसवून' या ऊन-वाल्या रूपांचं थेट इंग्रजी आहे. मराठीत ही रूपं बोलीतली आहेत, आपण दिवसभर 'जेवून, आवरून, निघाले' असं बोलतो. इंग्रजीतलं 'हॅविंग' मात्र कोर्टाच्या निकालात शोभणारं आहे. अर्थ तोच राहिला पण गोष्ट ओसरीवरून उठून कचेरीत जाऊन बसली. मराठीतून आलेल्या अवघडलेपणातला मोठा वाटा मला याच एका सवयीतून आलेला दिसतो. उपाय सोपा आहे, 'हॅविंग' काढा आणि साधी भूतकाळी क्रियापदं 'अँड'नं जोडा, "सो द डॉटर फाउंड अ ग्रेट बिग पंपकिन, अँड स्कूप्ड इट आउट, अँड पॉप्ड हर मदर इनसाइड, अँड गेव्ह इट अ पुश." शाळेत इतके 'अँड' लिहिले असते तर बाईंनी लाल रेघ मारली असती, पण तोंडी सांगितलेल्या इंग्रजी गोष्टी अशाच 'अँड'वर चालतात, तो दोष नाही. 'वाटेला लावला'साठी 'गेव्ह इट अ पुश' हे मला आवडतं, कारण त्यात कृती दिसते. 'ऑन द रोड' म्हटलं तर भोपळा नुसता रस्त्यावर ठेवला असं होतं.

असंच "शी वेन्ट टु द हाउस ऑफ हर डॉटर" हे वाक्य. 'लेकीकडे' या शब्दात घर हा शब्द नाहीये, आणि इंग्रजीतही त्याला अगदी तसाच जोड आहे, 'टु हर डॉटर्स', पुढे हाउस लिहायचंच नाही. जिथे दोन्ही भाषांची चाल जुळते तिथे पण आपण घाबरून लांबचा रस्ता घेतो. मी अशा जागी समासात फक्त 'तोंडी म्हणून बघ' एवढंच लिहिते, कारण जिनं भाषांतर केलंय तिला इंग्रजी येतंच, फक्त लिहिताना हात आखडलेला असतो.

आणि एक, बोलण्याची क्रियापदं. मराठीत सगळीकडे 'म्हणाला, म्हणाली'. ताईनं दर वेळी बदललं होतं, वाघ 'एक्स्क्लेम्ड', म्हातारी 'रिप्लाइड', कोल्हा 'इन्क्वायर्ड'. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, एकच शब्द परत परत वापरायचा नाही असं शिकवलंय ना आपल्याला." निबंधाला तो नियम ठीक आहे, लोककथेला उलटा लागतो. 'सेड' हा शब्द ऐकणाऱ्याच्या कानावरून निघून जातो, जाणवत नाही, आणि 'इन्क्वायर्ड' म्हटलं की सगळ्यांचं लक्ष त्या शब्दाकडे जातं, बिचारा कोल्हा मागे राहतो. सगळे 'सेड' करून टाकले.

इथपर्यंत पहिलं वाचन. यात मी मराठी एकदाही उघडलं नाही आणि जे खटकलं त्यावर फक्त पेन्सिलीची रेघ मारली, दुरुस्ती लिहिली नाही. आत्ता सांगितलेल्या दुरुस्त्या नंतर, दोन्ही वाचनं झाल्यावर सुचवलेल्या आहेत. असं का, तर अवघडलेल्या वाक्यात बऱ्याचदा वाक्प्रचार जिवंत गाडलेला असतो. वाक्य गुळगुळीत करायच्या नादात आपण तो काढून टाकतो, आणि मग दुसऱ्या वाचनात तो होता की नव्हता हेही कळत नाही.

दुसऱ्या वाचनाची यादी अशी निघाली: तोंडाला पाणी सुटलं, बोबडी वळली, बारा गावचं पाणी, अरे बाबा, हाडं नि कातडं, चार दिवस, पोटात गोळा, म्हातारी कोतारी, टुणूक टुणूक, हात चोळत. यातले तीन तर सरळ जातात. तोंडाला पाणी सुटलं म्हणजे 'हिज माउथ वॉटर्ड', हाडं नि कातडं म्हणजे 'स्किन अँड बोन्स', फक्त इंग्रजीत कातडं आधी येतं आणि हाडं नंतर, ताईनं 'बोन्स अँड स्किन' लिहिलं होतं, ते उलटवलं की झालं. पोटात गोळा आला याला 'हर स्टमक टाइड इटसेल्फ इन अ नॉट' हे जवळचं आहे, गोळ्याच्या जागी गाठ आली पण पोट पोटच राहिलं आणि भीतीही तीच. मूळ मसुद्यात 'अ बॉल केम इन हर स्टमक' होतं, ते वाचून पोर विचारेल की बॉल गिळला का.

आता अवघड जागा. सगळ्यात फसवी निघाली 'चार दिवस'. इंग्रजीत सरळ 'शी स्टेड फॉर फोर डेज' लिहिलेलं, वाक्य निर्दोष, पहिल्या वाचनात माझी पेन्सिल तिथे थांबलीसुद्धा नव्हती. पण आपण 'चार दिवस माहेरी जाऊन येते' म्हणतो तेव्हा कुणी बोटं मोजत नाही. चार दिवस, चार लोक, चार शब्द, दोन घास, पाचपन्नास माणसं, हे सगळे मराठीतले ढोबळ आकडे आहेत. इथे त्याचा गोष्टीवरही परिणाम होतो, कारण नुसत्या हाडाकातड्याची म्हातारी मोजून चार दिवसांत जाडजूड कशी होईल? इंग्रजी वाचणारं मूल हा प्रश्न विचारणारच आणि त्याचा प्रश्न रास्त असेल. 'शी स्टेड अ गुड लाँग वाइल' किंवा 'डेज अँड डेज' करायला हवं. लोककथा तपासताना प्रत्येक आकड्यापाशी थांबून हा मोजलेला आहे की बोलण्यातला आहे हे ठरवायचंच. सात भाऊ, तीन वर हे मोजलेले असतात, ते बदलायचे नाहीत.

मग 'बारा गावचं पाणी प्यालेली'. यातलाही बारा ढोबळच. ताईनं दोन पर्याय दिले होते. एक शब्दशः, 'शी हॅड ड्रंक द वॉटर ऑफ ट्वेल्व्ह व्हिलेजेस', दुसरा नुसता 'शी वॉज व्हेरी क्लेव्हर'. पहिल्यात चित्र आहे पण अर्थ पोचत नाही, इंग्रजी वाचकाला ती तहानलेली किंवा फार तर हिंडलेली वाटेल, अनुभवानं हुशार झालेली, सहजी न फसणारी हे त्यात येत नाही. दुसऱ्यात अर्थ आहे पण म्हातारी गेली, उरली कुठलीही हुशार बाई. माझ्या ओळखीतल्या एकीनं 'बीन अराउंड द ब्लॉक' सुचवलं. तो नको. एक तर जंगलाच्या वाटेवर शहरातला ब्लॉक आणून ठेवतो, आणि बाईबद्दल वापरला की त्यात भलताच सूर येऊ शकतो. इंग्रजी वाक्प्रचार बसवताना त्याचा अर्थ तेवढा बघून चालत नाही, तो सोबत कुठलं जग घेऊन येतो तेही बघावं लागतं. शेवटी चित्र ठेवून त्याला एक छोटा आधार दिला, "बट शी हॅड ड्रंक फ्रॉम द वेल्स ऑफ ट्वेल्व्ह व्हिलेजेस, अँड नोबडी हॅड फूल्ड हर इन एनी ऑफ देम." विहिरी आल्यामुळे पाणी कुठलं ते कळलं, आणि मागच्या अर्ध्या वाक्यानं अर्थ सांगितला, तोही गोष्टीच्याच सुरात. लोककथेत सांगणारा मध्येच एखादं वाक्य पुरवतो, त्यामुळे अशी भर खपते. तळटीप टाकली असती तर वाघ समोर उभा असताना वाचकाला पानाच्या तळाशी पाठवल्यासारखं झालं असतं.

'बोबडी वळली' मध्ये वेगळाच प्रश्न होता. ताईनं 'शी वॉज स्ट्रक डम' लिहिलं होतं. वाक्प्रचाराला वाक्प्रचार दिला, छान वाटतं, पण पुढच्याच ओळीत म्हातारी फर्डं बोलायला लागते. मुकी झाली तर बोलली कशी? बोबडी वळते म्हणजे शब्द फुटत नाहीत धड, जीभ अडखळते, पण बोलणं बंद झालेलंच असतं असं नाही. 'हर टंग गॉट ऑल इन अ टँगल' म्हटलं की जीभही राहते, भीतीही राहते, आणि पुढचं बोलणं शक्यही होतं. म्हणून वाक्प्रचार तपासताना एकटा तपासायचा नाही, पुढची दोन वाक्यं त्याच्याशी जुळतात का ते बघायचं.

'अरे बाबा'चं 'ओ फादर' झालं होतं. इथे बाबा म्हणजे बाप नव्हे, समजूत घालायचा सूर आहे, आणि 'अरे' मुळे वाघ एकदम लहान पोरासारखा होतो. हाच तर म्हातारीचा डाव आहे, खायला उठलेल्या वाघाशी ती नातवाशी बोलावं तसं बोलते. 'नाउ, नाउ, माय डिअर' मध्ये तो सूर येतो. उलट वाघाचं 'म्हातारे म्हातारे' हे अरेरावीचं आहे, त्याला 'ओल्ड वुमन, ओल्ड वुमन' असंच ठेवलं, तिथे 'ग्रँडमा' केलं असतं तर वाघ फार शहाणा वाटला असता. दोघांच्या हाकांमधला फरक टिकला पाहिजे, गोष्टीतली गंमत अर्धी तिथेच आहे.

आता गाणं. 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा.' मराठीत हे यमक फुकट मिळतं, कारण प्रथम पुरुषी एकवचनी भविष्यकाळाचा शेवटच 'ईन' किंवा 'एन' असा असतो, जाईन, खाईन, होईन आपोआप जुळतात. इंग्रजीत भविष्यकाळ 'आय विल' असा पुढे येतो, शेवटाला काहीच राहत नाही. म्हणून "आय विल गो टु माय डॉटर, आय विल ईट क्लॅरिफाइड बटर अँड ब्रेड, आय विल बिकम फॅट" ही यादी होते, गाणं होत नाही. पहिलं काम, 'क्लॅरिफाइड बटर' काढायचं. 'घी' हा शब्द इंग्रजी कोशांत कधीचा आहे आणि न्यू जर्सीतल्या दुकानात बाटलीवर तोच छापलेला असतो. आणि तो ठेवला की एक वाट आपोआप उघडते, 'घी' आणि 'मी' यांचं यमक जुळतं, फक्त तूपरोटीची रोटीतूप करायची: "ऑफ टु माय डॉटर्स फॉर रोटी अँड घी, व्हेन आय'म ऑल फॅटन्ड अप, देन यू ईट मी." चार तुकड्यांच्या दोन ओळी झाल्या, जाईन-खाईन-होईनचा ठेका तसाच नाही आला, पण पोरांना पाठ होईल आणि म्हणता म्हणता टाळी वाजवता येईल असा एक ठेका आला.

गाणं तपासताना दुसरी गोष्ट बघायची ती म्हणजे ते दर वेळी अक्षर न् अक्षर सारखं आहे का. आमच्या मसुद्यात वाघापाशी 'फॅट' होतं आणि कोल्ह्यापाशी 'प्लंप' झालं होतं, तोच शाळेतला नियम. मूल दुसऱ्या वेळी आपल्याबरोबर म्हणायला तोंड उघडतं आणि शब्द बदललेला निघतो. कॉम्प्युटरवर असेल तर ओळीतला एक शब्द टाकून सगळीकडे शोधायचं, जितक्यांदा मराठीत येतं तितक्यांदा इंग्रजीत आलं पाहिजे, तेवढंच सोपं.

'टुणूक टुणूक' वर आमचा बराच वेळ गेला. ताईनं 'रोल, रोल' केलं होतं कारण भोपळा घरंगळतो. पण टुणूक म्हणजे घरंगळणं नाही, टुणकन उडी असते ती, भोपळा उड्या घेत जातो म्हणून तर पोरं हसतात. मग वाटलं मराठीच शब्द ठेवावा. पण तो रोमन अक्षरांत टी-यू-एन-यू-के असा लिहिला की इंग्रजी वाचणारं मूल त्याला 'टनक' म्हणणार, आणि 'ण' तर जाणारच. मुलांना आपण वाचून दाखवणार असू तर मराठी शब्द जरूर ठेवावा, आपल्या तोंडून तो बरोबर जाईल. मूल एकटं वाचणार असेल तर इंग्रजी आवाज हवा. आणि इथे इंग्रजीनं मदत केली, 'पंपकिन' मध्येच 'पंप' आहे, त्याच्याशी 'बंप' जुळतो: "बंप अलाँग, पंपकिन, बंपिटी-बंप." आदळत उड्या घेत जाणारा भोपळा त्यात ऐकू येतो. इंग्रजी वाचकाला असे आवाज परके नाहीत, पुलावरून जाणाऱ्या तीन बोकडांच्या नॉर्वेतल्या गोष्टीचं इंग्रजी १८५९ साली डेसंट यांनी केलं आणि त्यातल्या बोकडांच्या खुरांचा 'ट्रिप, ट्रॅप' आजही इंग्रजी घरांत म्हटला जातो.

'म्हातारी कोतारी' मधला 'कोतारी' हा निरर्थक जोड आहे, 'जेवणबिवण' मधल्या 'बिवण' सारखा, आणि त्याचा अर्थ 'ती म्हातारी कोण कुठली, मला काय त्याचं' असा झटकून टाकायचा. मसुद्यात 'ओल्ड वुमन अँड सो ऑन' झालं होतं, म्हणजे म्हातारी वगैरे. शब्द आला, झटकणं गेलं. अमेरिकन इंग्रजीत यिद्दिशमधून आलेली 'श्म'ची युक्ती आहे, पहिला आवाज काढून तिथे 'श्म' लावायचा, तुच्छता बरोबर येते. पण त्यानं भोपळा थेट न्यूयॉर्कला पोचतो. आम्ही 'ओल्ड वुमन, बोल्ड वुमन, आय हॅवन्ट सीन वन' घेतलं. 'बोल्ड' ला अर्थ आहे, निरर्थक नाही, एवढी तडजोड झाली.

शेवटी 'हात चोळत बसला'. भाषांतरात 'द टायगर सॅट रबिंग हिज हँड्स' होतं. मला मराठी येतं म्हणून पहिल्या वाचनात ते बरोबर वाटलं होतं, मराठी झाकलेलं असूनसुद्धा. पण इंग्रजीत हात चोळणारा माणूस खूश असतो, काहीतरी मिळणार म्हणून आतुर असतो. म्हणजे शब्द तोच, हालचाल तीच आणि भावना पूर्ण उलटी. हे उघड झालं ते तिसऱ्या एका तपासणीत. नातीच्या वर्गातली एक मैत्रीण घरी आली होती, तिला मराठीचा गंध नाही. ताईनं तिला गोष्ट वाचून दाखवली आणि मग ती परत सांगायला लावली. मुलीनं सगळी नीट सांगितली आणि शेवटी म्हणाली, वाघाला आता नवीन युक्ती सुचलीय, पुढच्या वेळी तो म्हातारीला पकडणार. ताईला कळेना हे कुठून आलं. ते 'रबिंग हिज हँड्स' मधून आलं होतं. आता तिथे "अँड द टायगर? ही वॉज लेफ्ट विथ नथिंग बट हिज एम्प्टी पॉज" आहे. चोळणं गेलं पण हात, म्हणजे पंजे, राहिले आणि फजितीही राहिली.

ही तिसरी तपासणी जमेल तेव्हा करावीच, मराठी न येणारा एक माणूस, लहान असेल तर उत्तमच, आणि 'आवडली का' असं विचारायचं नाही, त्याचं उत्तर सगळे हो देतात. 'परत सांग' म्हणायचं आणि एखाद्या पात्राला तेव्हा काय वाटलं ते विचारायचं. वाक्प्रचार बहुतेक भावनांचेच असतात, त्यामुळे ते कुठे सुटलेत ते या उत्तरांत दिसतं.

सफाईदार इंग्रजीत हरवलेल्या अर्थाचा एक जुना नमुनाही सांगते. श्रावणातल्या आपल्या कहाण्या चार्ल्स किंकेड यांनी इंग्रजीत आणल्या, पुस्तक १९१४ चं. त्यात 'आटपाट नगर होतं' याचं झालंय 'आटपाट नावाचं एक गाव होतं'. इंग्रजी वाक्य सुरेख आहे, कुठेही अडत नाही, म्हणून इंग्रजी वाचकाला शंका यायचं कारणच नाही. पण आपल्याला आटपाट नगर ऐकताना नकाशावरचं गाव दिसत नाही, कहाणी सुरू झाली एवढंच कळतं. ते सुरुवातीचं ठरलेलं बोल आहे, आणि विशेषनाम केल्यावर ते बोल राहिलं नाही. सुरुवातीच्या आणि शेवटाच्या अशा ठरलेल्या ओळी यादीत वेगळ्या लिहाव्यात.

तपासणाऱ्यानं एक पथ्य मात्र पाळायचं. ही गोष्ट घरोघरी वेगळी आहे. कुणाकडे वाघाआधी कोल्हा भेटतो, कुणाकडे अस्वलही असतं, कुणाकडे शेवटी भोपळा फुटतो. इराणात ही म्हातारी भोपळ्यात बसते, बंगालात लाऊमध्ये, म्हणजे दुध्या भोपळ्यात, आणि लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत 'जाड होईपर्यंत थांब' या युक्तीला १२२ एफ असा क्रमांकच आहे. त्यामुळे 'आमच्या आजीच्या गोष्टीत असं नव्हतं' ही भाषांतराची चूक ठरत नाही. भाषांतर समोरच्या मराठी मजकुराशी ताडायचं, आपल्या आठवणीशी नाही.

दुरुस्त्या पाठवताना मी तीन खुणा वापरते. अर्थ बदललाय तिथे एक, उदाहरणार्थ हात चोळणं आणि चार दिवस, या जागा बदलायलाच हव्यात. वाक्प्रचार सुटलाय तिथे दुसरी, जसं बारा गावचं पाणी, तिथे मी काय सुटलं ते लिहिते आणि एखादा पर्याय देते, निवड जिचं भाषांतर आहे तिची. आणि नुसतं अवघडलंय तिथे तिसरी, तिथे पर्याय बहुधा देतच नाही. सगळीकडे स्वतःची वाक्यं लिहिली तर गोष्ट दोन आवाजांत बोलायला लागते, अर्धी ताईची, अर्धी माझी, आणि तेही ऐकू येतं.

दुरुस्त्या झाल्या की पुन्हा एकदा फक्त इंग्रजी, मोठ्यानं, शक्यतो दोन दिवस जाऊ देऊन. कारण सुधारलेल्या जागा एकमेकींना धडकतात. आमच्याकडे पोटातली 'नॉट' आणि जिभेचा 'टँगल' दोन्ही आले आणि म्हातारी आतून बाहेरून गुंतलेलीच वाटायला लागली. मग जिभेचा टँगल ठेवला, आणि पोटासाठी 'हर टमी टर्न्ड ओव्हर' केलं.